सीएचा अभ्यास आणि मैत्रिणीचा रात्रीचा फोन: मेसेज कसा लिहू? सांगा की

कृष्णाकाठची | १ डिसेंबर २०२४, सकाळी १०.४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, विश्रामबागेत राहते, सीए इंटरचा पहिला ग्रुप जानेवारीत द्यायचाय, पेपर ११, १३ आणि १५ जानेवारी. मागच्या वेळी तिन्ही पेपरात चाळीसच्या वर होते पण तीनशेत दीडशे लागतात ते झाले नाहीत, म्हणून यावेळी उद्या सोमवारपासून सकाळी सात ते रात्री साडेदहा अभ्यासिकेत बसायचं ठरवलंय, मध्ये फक्त जेवायला घरी.

अभ्यासाचं माझं ठरलेलं आहे, प्रश्न वेगळाच आहे. माझी पाचवीपासूनची मैत्रीण साताऱ्यात असते. तिच्या बाबांचं जूनपासून डायलिसिस चालू आहे, मंगळवार आणि शुक्रवार. ती एकुलती एक, काकूंना बीपी, सगळं हीच बघते. रोज रात्री साडेनऊला काका-काकू झोपले की ती गच्चीत जाऊन मला फोन करते, कधी दहा मिनिटं कधी तासभर. कधी कधी नुसती गप्प बसते, मी पण फोन धरून बसते. आता नेमका तोच वेळ माझ्याकडे नसणार आणि हे तिला कसं सांगायचं हेच सुचेना झालंय. काल रात्री एक मेसेज लिहिला आणि पाठवला नाही. तो असा,

"हाय, तुला एक सांगायचं होतं. माझी एक्झाम जवळ आलीय त्यामुळे पुढचे काही आठवडे मी खूप बिझी असणार आहे. प्लीज राग मानू नकोस, समजून घे. तुला काही लागलं तर कधीही सांग, मी आहेच. टेक केअर."

वाचला की मलाच परका वाटतोय. बँकेतून आल्यासारखा. काय चुकतंय सांगा.

---

पोवईनाका | १ डिसेंबर, सकाळी ११.०५

दीडशे होत नाहीत म्हणजे एका पेपरात तरी साठ-पासष्ट खेचायला पाहिजेत. टॅक्स आधी धर, त्यात हिशोबाचे प्रश्न असतात, मार्क निघतात. लॉ रोज थोडं लिहून काढ, नुसतं वाचून राहत नाही. आणि मोबाइल घरीच ठेवून जा, सगळं आपोआप सुटतं बघ.

---

कृष्णाकाठची | १ डिसेंबर, सकाळी ११.२०

दादा आभारी आहे, टॅक्सचं खरंय तुमचं. पण मला अभ्यास कसा करू हे नकोय, तिला कसं सांगू ते हवंय. मोबाइल घरी ठेवला आणि त्याच दिवशी काकांना ॲडमिट करायची वेळ आली तर ती पहिला फोन मलाच करणार आहे हो.

---

सरळ_बोलतो | १ डिसेंबर, दुपारी १२.१५

मेसेज लांब झालाय एवढंच चुकलंय. जेवढं समजवत बसशील तेवढं ते कारण सांगितल्यासारखं वाटतं. दोन ओळी टाक, "१५ जानेवारीपर्यंत अभ्यास आहे, नंतर बोलू", संपलं. खरी मैत्रीण असेल तर समजते. आणि व्हॉट्सॲपला स्टेटस ठेव म्हणजे बाकीच्यांना पण वेगळं सांगायला नको.

---

मिरजेची_सून | १ डिसेंबर, दुपारी १.३०

सरळ_बोलतो, तारीख स्पष्ट लिही हे तुमचं बरोबर, पण बाकी नाही पटलं. स्टेटस सगळ्या गावाला असतं. जी रोज साडेनऊला गच्चीत जाऊन फोन करते तिला स्टेटसवरनं कळावं का हे?

कृष्णाकाठची, माझ्या सासऱ्यांचं चार वर्षं डायलिसिस होतं म्हणून त्या बाजूचं सांगते. तुझ्या मेसेजमधली मला टोचलेली ओळ म्हणजे "तुला काही लागलं तर कधीही सांग". ही ओळ आम्हाला सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्याचं मन चांगलंच असतं, पण होतं काय की मागायचं काम परत आपल्यावरच येतं. आधीच माणूस थकलेला, त्यात कुणाला फोन करू, त्याला आता वेळ असेल का, हा विचार करायचा, मग कुणी मागतच नाही. मी चार वर्षांत एकदाही कुणाला "लागलं म्हणून" फोन केला नाही.

आणि दुसरं म्हणजे "काका कसे आहेत". ह्याला काय उत्तर देणार गं? बरे आहेत. रोज बरे आहेत. माझी एक मावसबहीण होती ती वेगळं विचारायची, "आज किती पाणी काढलं? पायात गोळे आले का?" डायलिसिसच्या घरात हेच चाललेलं असतं, दोन दिवसात वजन किती वाढलं, आज दोन लिटर काढलं का तीन, जास्त काढलं की बीपी खाली येतो, पायात गोळे येतात, घरी आल्यावर माणूस पडूनच राहतो. तिनं तसं विचारलं की मला वाटायचं हिला माहितीय माझ्या घरात आज काय झालं असेल. तिचा मेसेज आठवड्यातनं एकदाच यायचा हं, रोज नाही.

---

कृष्णाकाठची | १ डिसेंबर, दुपारी १.५०

ताई वाचून डोळ्यात पाणी आलं. मी सहा महिने रोज "काका कसे आहेत" हेच विचारतेय आणि ती रोज "बरे आहेत" म्हणतेय.

---

दुसरा_अटेम्प्ट | १ डिसेंबर, सायंकाळी ७.४०

आत्ताच राज्यसेवेची पूर्व देऊन घरी आलोय आणि हा धागा दिसला, न लिहिता राहवलं नाही. माझं स्वतःचं सांगतो. माझी एक जवळची व्यक्ती होती, लग्नापर्यंत बोलणं गेलेलं. मी तिला जूनमध्ये मेसेज केला, "परीक्षा झाली की सगळं नीट बोलू, तोपर्यंत सांभाळून घे." तिनं सांभाळून घेतलं. परीक्षा होती २५ ऑगस्टला. आठवडाभर आधीपर्यंत आमचा गोंधळ चाललेला, त्याच दिवशी बँकेची पण परीक्षा होती, आणि अगदी दोन-तीन दिवस राहिले असताना आयोगानं पुढं ढकलली. ती झाली आज. मी तिला "तारीख पुढं गेली" एवढाच मेसेज केला, म्हणजे तिचं थांबणं पण पुढं गेलं आणि किती ते मी सांगितलंच नाही. सप्टेंबरात एक दिवस तिनं लिहिलं की तुझी परीक्षा कधी संपणार हे तुलाच माहीत नाही तर मी कशासाठी थांबू. त्यानंतर बोलणं नाही.

तुझी तारीख पक्की आहे तर ती दिवसासकट लिही. आणि पुढं गेली तर काय हे पण आत्ताच लिहून टाक.

अजून एक. टेलिग्रामच्या ग्रुपवर नोट्स, व्हॉट्सॲपवर डाऊट, यासाठी माणूस दिवसातनं वीस वेळा ऑनलाइन दिसतो. तिला दिसायचं की मी ऑनलाइन आहे आणि तिच्या मेसेजला उत्तर नाही. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, शेवटच्या मेसेजमध्ये दाखवलं.

---

अभ्यासिकेतली_ताई | १ डिसेंबर, रात्री ९.१०

दुसरा_अटेम्प्ट, आजचा पेपर चांगला गेला असू दे.

मी साताऱ्यात अभ्यासिका चालवते, बरीच वर्षं झाली, एमपीएससी, सीए, पोलीस भरती सगळी पोरं असतात. पेपर बिघडून रडणारी पाहिलीत, पण घरचं किंवा मैत्रीतलं बिनसलं म्हणून जिन्यात बसून रडणारी जास्त पाहिलीत. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, रागावू नकोस.

तुझ्या मेसेजमध्ये "बिझी" हा शब्द आहे आणि साडेनऊचा फोन कुठंच नाही. आणि जाणार आहे तो तर फोनच. तिचा दिवसभरातला तेवढाच एक वेळ असा आहे ज्यात ती कुणाची मुलगी नसते, पेशंटची नातेवाईक नसते. तो सहा आठवडे बंद होणार हे तू नाव घेऊन लिहिलंस तर तिला कळतं की तुला पण तो फोन ओझं वाटत नव्हता. "बिझी" लिहिलंस तर तिला वाटणार की आपण रोज हिचा वेळ खात होतो आणि हिनं शेवटी आज तोंडानं सांगितलं. ती नंतर माफी मागायला लागेल बघ, "सॉरी यार मी तुला रोज पकवते". तसं उत्तर आलं की समजायचं मेसेज चुकला.

मग बदल्यात काय देणार? इथं पोरं फार मोठं कबूल करतात. "रोज पाच मिनिटं नक्की बोलेन." रोजचं कुणाला जमत नाही, तिसऱ्या दिवशी मॉक टेस्ट असते, एक दिवस चुकला की पुढचा पण चुकतो, आणि ज्या माणसाला काही कबूल केलं नव्हतं त्याच्यापेक्षा ज्याला कबूल करून चुकवलं त्याला जास्त लागतं. तू असं धर की सर्वात वाईट आठवड्यात, ताप आलाय, टेस्टमध्ये मार्क पडलेत, अशा आठवड्यात सुद्धा काय जमेल? तेवढंच लिही. मला वाटतं मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री एक मेसेज, मिरजेच्या ताईंनी सांगितला तसला, आणि रविवारी एक फोन. १४ जानेवारीला मंगळवार आहे आणि दुसऱ्या दिवशी तुझा शेवटचा पेपर, तो मंगळवार आत्ताच वगळून सांग.

तातडीचं वेगळं ठेव. फोन सायलेंटला असणारच. पण डू नॉट डिस्टर्बमध्ये लागोपाठ फोन आला तर वाजू देण्याची सोय असते, अँड्रॉइडवर त्याच नंबरवरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा आला तर, आयफोनवर तीन मिनिटांच्या आत. सेटिंगमध्ये ते चालू आहे का बघ आणि घरातल्या कुणाकडून तरी दोनदा फोन करून घेऊन खात्री कर, कारण काही हँडसेटना ते बंद असतं. मग तिला लिही, दोनदा लागोपाठ कर, मी उठून बाहेर येते. "कधीही फोन कर" लिहिलंस तर ती एकदाही करणार नाही, "दोनदा कर" लिहिलंस तर तिला माहीत असतं की हे चालतं.

शेवटचं, आधी फोन कर आणि मग मेसेज. आज साडेनऊचा फोन आहे ना अजून? त्यात तोंडानं सांग. मेसेज नंतर पाठव, म्हणजे तारखा आणि बाकीचं तिच्याकडे लिहिलेलं राहील. नुसता मेसेज आला की माणूस तो स्वतःच्या मूडप्रमाणे वाचतो, आणि तिचा मूड सध्या कसा असणार.

---

सरळ_बोलतो | १ डिसेंबर, रात्री ९.२५

स्टेटसचं मी मागं घेतो. पण माफी मागू नये ह्यावर मी ठाम आहे. परीक्षा देणं हा गुन्हा नाही. "राग मानू नकोस" लिहिलं की समोरच्याच्या डोक्यात रागाचा विचार आपणच घालतो.

---

मिरजेची_सून | १ डिसेंबर, रात्री ९.३२

ह्यावर मी तुमच्या बाजूनं आहे, "राग मानू नकोस, समजून घे" म्हणजे अजून एक काम तिच्यावर टाकलं. पण "मला वाईट वाटतंय" एवढं तरी असू दे हो. ते खरं आहे ना तिचं.

---

कृष्णाकाठची | १ डिसेंबर, रात्री ११.४५

फोन झाला. सव्वा तास. आधी ती काकूंच्या बीपीचं सांगत होती म्हणून मी पाऊण तास काही बोललेच नाही, मग सांगितलं. ती म्हणाली "अगं मला माहितीच होतं, मीच विचारणार होते कधीपासून बसणारेस." आणि मग थोडा वेळ गप्प. आता हे लिहिलंय, पाठवायच्या आधी बघा,

"पिंके, फोनवर बोललो तेच लिहून ठेवते म्हणजे तुझ्याजवळ राहील. उद्यापासून १५ जानेवारी, बुधवारपर्यंत आपला साडेनऊचा फोन बंद. मला त्याची सवय लागलीय, साडेनऊ झाले की माझा हात आपोआप फोनकडं जातो, त्यामुळं मला पण जड जाणारेय.

मंगळवार-शुक्रवारी रात्री साडेदहानंतर माझा मेसेज येईल, किती पाणी काढलं, गोळे आले का. तू दमली असशील तर नुसता आकडा टाक, नाहीतर काहीच टाकू नकोस, दुसऱ्या दिवशी वाचलास तरी चालेल. रविवारी संध्याकाळी सहाला मी फोन करणार, मी, तू नाही. फक्त १४ तारखेचा मंगळवार सोड, दुसऱ्या दिवशी टॅक्स आहे.

मधे ऑनलाइन दिसले तर नोट्स बघत असते गं, तुझा मेसेज बघून सोडलाय असं समजू नकोस. काकांचं काही झालं तर लागोपाठ दोनदा फोन कर, वाजतो, आईकडून करून बघितलाय. मेडिक्लेमच्या कागदांचं दादाला सांगून ठेवलंय, डिसेंबरची बिलं त्याला पाठव, तो अपलोड करेल. परीक्षा पुढं गेली तर नवी तारीख त्याच दिवशी सांगेन आणि तेव्हा हे सगळं परत ठरवू.

१६ ला सकाळच्या गाडीनं साताऱ्याला येतेय. शुक्रवारी काकांबरोबर मी बसेन, तू घरी झोप."

---

अभ्यासिकेतली_ताई | २ डिसेंबर, सकाळी ६.५०

पाठव. कागदांचं दादाकडे दिलंस ते फार छान केलंस, ते मला सुचलं नव्हतं. एकच, शेवटची ओळ तिकीट काढूनच लिही. नाहीतर "येणार आहे" म्हण, "येतेय" नको.

---

दुसरा_अटेम्प्ट | २ डिसेंबर, सकाळी ८.१५

"तू घरी झोप" हे वाचून मी बराच वेळ थांबलो. पाठव.

---

पोवईनाका | २ डिसेंबर, सकाळी ९.००

मला वाटतं मंगळवार-शुक्रवारचे मेसेज आत्ताच एका दिवशी लिहून शेड्यूल करून ठेवावेत, वेळ पण वाचतो आणि चुकत पण नाहीत. परीक्षेच्या काळात डोकं तेवढंच मोकळं.

---

मिरजेची_सून | २ डिसेंबर, सकाळी ९.४०

नको हो. एखाद्या मंगळवारी काकांना त्रास झाला, डायलिसिस अर्ध्यात थांबवावं लागलं आणि वरनं ठरलेला "आज किती काढलं" मेसेज येऊन पडला तर? आठवण म्हणून गजर लाव, मेसेज हातानं लिही.

---

पोवईनाका | २ डिसेंबर, सकाळी ९.५५

गजर लावून केलेला मेसेज आणि शेड्यूल केलेला मेसेज ह्यात फरक काय, आठवण तर मशीननंच केली ना. मला नाही वाटत तिला काही कळेल.

---

कृष्णाकाठची | १९ डिसेंबर, रात्री ११.१०

मंडळी, सांगायला आले. तिकीट काढलं मग मेसेज पाठवला. तिचं उत्तर आलं, "सेव्ह केला. जा बस अभ्यासाला." आणि खाली गच्चीचा फोटो, रिकामी खुर्ची. सॉरी म्हणाली नाही, ताई.

पहिल्या मंगळवारी तिचं उत्तर फक्त "२.४" आलं. मी "जास्त झालं का गं" विचारलं तर मोठा मेसेज, घरी आल्यावर दोन तास पोटऱ्या दाबत बसलेली, पुढच्या वेळी टेक्निशियनना हळू काढायला सांगणार. सहा महिन्यांत तिनं मला हे कधी सांगितलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं.

पण १३ तारखेचा शुक्रवार माझ्याकडून चुकला. अकाउंट्सची टेस्ट होती, घरी येऊन न जेवता झोपले, सकाळी उठले तर आठवलं. तिला फोन करून लांबलचक सांगावं असं वाटत होतं, मग नुसतं लिहिलं, "काल राहिला, झोपले. काल किती?" तिनं दुपारी "२.१, गोळे नाहीत" लिहिलं. पोवईनाका दादा, त्या दिवशी तुमचं शेड्यूलचं पटलं होतं खरं, पण गोळे नाहीत हे वाचल्यावर वाटलं की हातानंच विचारलेलं बरं. अजून माझं ठरत नाहीये, सध्या दहा-चाळीसचा गजर लावलाय.

एक विचारायचं राहिलं. रविवारच्या फोनवर ती आता फक्त माझ्या अभ्यासाचंच विचारते, स्वतःचं काही सांगत नाही. मंगळवारी मेसेजवर सांगते, रविवारी नाही. मी खोदून विचारू का तसंच राहू दे?

---

मिरजेची_सून | २० डिसेंबर, सकाळी ७.३०

राहू दे. रविवारी सहाला तिच्या घरी सगळे जागे असतील, काका तिथंच कॉटवर असतील, तेव्हा ती काय बोलणार. जमलं तर फोन रात्री साडेनऊला कर, एकच रविवार करून बघ.

---

कृष्णाकाठची | २२ डिसेंबर, रात्री १०.२०

साडेनऊला केला. पहिल्याच रिंगला उचलला, गच्चीतच होती.